मथळ्याचा सूर आणि फॉर्म ४८३

राष्ट्रीय शेअर बाजाराचे पूर्व-सत्र सकाळी नऊला सुरू होते आणि नियमित व्यवहार सव्वानऊला. त्याआधीच्या अर्ध्या तासात बारा औषध कंपन्यांपैकी आज कोणत्या तीन कंपन्यांच्या बातम्या नीट वाचायच्या हे ठरवणे, एवढेच माझ्या रोजच्या तपासणीचे काम आहे. संगणकावर बारा ओळींचा एक तक्ता येतो. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: आदल्या दिवशी समभाग औषध क्षेत्राच्या निर्देशांकापेक्षा किती वेगळा वागला, उलाढाल गेल्या वीस दिवसांच्या सरासरीच्या किती पट झाली आणि रात्रभरात आलेल्या मथळ्यांचा सूर कसा होता. पहिल्या दोन गोष्टी बाजारच मोजून देतो. तिसरी आपल्याला मोजावी लागते आणि सगळी गडबड तिथेच होते.

सूर मोजणे म्हणजे मथळा वाचून त्याला उणे एक ते अधिक एक या पट्टीवर एक आकडा देणे. याची सर्वांत साधी पद्धत शब्दकोशाची आहे. चांगल्या-वाईट अर्थाच्या शब्दांची एक यादी असते, यादीतल्या प्रत्येक शब्दाला आधीच एक वजन दिलेले असते, आणि मथळ्यात सापडलेल्या शब्दांच्या वजनांची बेरीज केली जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘व्हेडर’ ही पद्धत या कामासाठी फार वापरली जाते, कारण ती फुकट आहे, वेगवान आहे आणि तिने दिलेला आकडा कुठून आला हे कागदावर पडताळता येते. तिच्या यादीत इंग्रजी ‘गुड’ या शब्दाचे वजन १.९ आहे आणि ‘ग्रेट’चे ३.१. बेरीज कितीही मोठी झाली तरी आकडा एकच्या आत राहावा म्हणून ती शेवटी या सूत्रातून जाते:

```python
from math import sqrt

def soor(s):
    return s / sqrt(s * s + 15)
```

‘गुड’ एकटाच असेल तर उत्तर ०.४४ येते आणि ‘ग्रेट’ला ०.६२. या सूत्राचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेरीज ४.५ असेल तर गुण ०.७६ होतो, पण बेरीज दुप्पट म्हणजे ९ झाली तरी गुण ०.९२च्या पुढे जात नाही. म्हणजे पट्टीच्या टोकाला सगळे मथळे एकमेकांना चिकटतात. ०.९० आणि ०.९२ या गुणांमधल्या फरकाला फारसा अर्थ नसतो, तरीही तक्त्यात दोन दशांश स्थळे दिसली की माणूस त्यांना अर्थ देऊ लागतो.

व्हेडर समाजमाध्यमांवरच्या छोट्या मजकुरासाठी तयार केली होती, कंपन्यांच्या बातम्यांसाठी नव्हे. हा फरक वरवरचा नाही. टिम लॉफरन आणि बिल मॅकडोनाल्ड या दोन अभ्यासकांनी २०११ साली दाखवून दिले की, हार्वर्डच्या सर्वसाधारण शब्दयादीने अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत जे शब्द ‘नकारात्मक’ म्हणून मोजले, त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश शब्द आर्थिक मजकुरात नकारात्मक नसतातच. कर, खर्च, भांडवल, दायित्व हे शब्द ताळेबंदात असणारच. इंग्रजीत ‘व्हाइस’ म्हणजे दुर्गुण, म्हणून ती यादी प्रत्येक ‘व्हाइस प्रेसिडेंट’मागे कंपनीचे गुण कापत होती. त्यांच्याच उदाहरणांत ‘कॅन्सर’ हा शब्दही आहे: औषध कंपनीच्या बाबतीत तो फक्त ती कोणत्या धंद्यात आहे एवढेच सांगतो. कर्करोगावरच्या औषधाला मंजुरी मिळाली, तर ती कंपनीसाठी आनंदाची बातमी असते. सर्वसाधारण यादीला मात्र त्यात रोगच दिसतो.

एका सोमवारची सकाळ

आता एक सकाळ उलगडून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, तिला ‘क’ म्हणू. शब्दांची वजनेही मी समजावण्यासाठी ठरवली आहेत, सूत्र मात्र वरचेच आहे. रात्रभरात ‘क’चे नाव असलेले सात मथळे आले. इंग्रजी मथळ्यांचाही मी इथे मराठी आशयच देत आहे.

पहिला मथळा: ‘क कंपनीच्या गोव्यातील कारखान्याला अमेरिकी औषध प्रशासनाकडून फॉर्म ४८३, पाच निरीक्षणे’. यादीतला एकही शब्द यात नाही. बेरीज शून्य, गुण शून्य.

दुसरा: ‘क कंपनीचा दमदार निकाल, नफ्यात १८ टक्के वाढ’. ‘दमदार’ला २, ‘नफा’ला दीड आणि ‘वाढ’ला एक धरला, तर बेरीज ४.५ आणि गुण ०.७६. हीच बातमी वृत्तसंस्थेकडून घेऊन आणखी तीन संकेतस्थळांनी दिली आहे, त्यामुळे ०.७६ गुणाचे एकूण चार मथळे झाले. सहावा पहिल्याच बातमीचा, दुसऱ्या संकेतस्थळावरचा: ‘क कंपनीच्या कारखान्याची तपासणी पूर्ण, पाच निरीक्षणे नोंदवली’. गुण पुन्हा शून्य. सातवा मथळा: ‘कर्करोगावरील औषधाला क कंपनीस अंतिम मंजुरी’. सर्वसाधारण यादीत कर्करोगाला उणे ३ आणि मंजुरीला दीड, म्हणून बेरीज उणे दीड आणि गुण उणे ०.३६.

सातही गुणांची सरासरी काढली तर ती ०.३८ येते. तक्त्यात ‘क’ची ओळ हिरवी दिसते आणि वाचायच्या तीन कंपन्यांत तिचा नंबर लागत नाही.

पहिली दुरुस्ती कोणालाही सुचेल: एकाच बातमीच्या अनेक प्रती एकच धराव्यात. तसे केले की निकाल, तपासणी आणि मंजुरी अशा तीन बातम्या उरतात आणि सरासरी ०.१३वर येते. दुसरी दुरुस्ती शब्दयादीची: कर्करोगाचे वजन शून्य केले की मंजुरीच्या मथळ्याचा गुण अधिक ०.३६ होतो आणि सरासरी पुन्हा ०.३७वर जाते. दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत, तरीही आपण जवळजवळ मूळ आकड्यावरच परत आलो, आणि ज्या बातमीसाठी हा सगळा खटाटोप होता ती अजून शून्यावरच बसलेली आहे. म्हणजे दोष सरासरीच्या हिशेबात जितका होता, त्याहून अधिक या समजुतीत होता की महत्त्वाची बातमी भावनेच्या शब्दांत येते.

फॉर्म ४८३ म्हणजे काय हे पाहिले की हे स्पष्ट होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक औषधाचा कारखाना तपासतात. जाताना, कायद्याचा भंग ठरू शकतील अशा गोष्टी त्यांना आढळल्या असतील, तर त्या या फॉर्मवर लिहून व्यवस्थापनाच्या हाती देतात. तो अंतिम निर्णय नसतो. कंपनीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत उत्तर दिले, तर इशारापत्र द्यायचे की नाही हे ठरवताना प्रशासन ते उत्तर विचारात घेते. पुढे त्या तपासणीला तीनपैकी एक शेरा मिळतो: कारवाई सूचित नाही, स्वेच्छेने सुधारणा सूचित, किंवा अधिकृत कारवाई सूचित. पहिला शेरा सर्वांत चांगला आणि तिसरा सर्वांत वाईट. गंमत अशी की नकार फक्त सर्वांत चांगल्या शेऱ्यातच आहे, तर सर्वांत वाईट शेऱ्यात एकही वाईट शब्द नाही. सरकारी भाषा अशीच कोरडी असते, आणि औषध कंपनीचे भवितव्य बऱ्याचदा त्याच भाषेत लिहिले जाते.

मग ‘निरीक्षणे’ या शब्दाला उणे वजन देऊन टाकावे, असा मोह होतो. मी तो केला होता. आठवड्याभरात दुसऱ्या एका कंपनीचा मथळा आला: ‘तपासणी पूर्ण, शून्य निरीक्षणे’. तपासणीचा याहून चांगला निकाल असू शकत नाही, पण तक्त्यात ती ओळ लाल झाली. तेव्हा कळले की इथे शब्दाला वजन देऊन भागणार नाही, घटना ओळखावी लागेल. आता मथळा सुराच्या मोजमापाकडे जाण्याआधी एका छोट्या घटनासूचीतून जातो: फॉर्म ४८३, इशारापत्र, आयातबंदी, तपासणीवरचा शेरा, औषधाची अंतिम किंवा तात्पुरती मंजुरी, माल परत मागवणे, लेखापरीक्षकाचा राजीनामा. यांपैकी काही सापडले, तर ती कंपनी सुराचा आकडा कितीही गोड असला तरी त्या दिवशीच्या वाचनात येते आणि निरीक्षणे शून्य आहेत की पाच हे माणूस वाचून ठरवतो. ही सूची पंधरा-वीस ओळींची आहे आणि गेल्या वर्षभरात सुराच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा ती मला अधिक उपयोगी पडली आहे, हे कबूल करायला हवे.

मराठी मथळ्यांची वेगळी कथा

कारखान्यातला संप, स्थानिक पातळीवरचा प्रदूषणाचा वाद, औद्योगिक वसाहतीतली आग या बातम्या बऱ्याचदा आधी मराठी वृत्तपत्रांत येतात, म्हणून त्यांचे मथळेही घ्यावेसे वाटतात. पण इंग्रजीसाठी तयार केलेल्या पद्धतीत शब्द बदलून मराठी यादी घातली की काम झाले, असे होत नाही.

इंग्रजीत नकार आधी येतो. म्हणून व्हेडर भावनेच्या शब्दाच्या मागच्या तीन शब्दांत नकार शोधते आणि सापडला तर वजनाला उणे ०.७४ ने गुणते. ‘नॉट गुड’चा गुण त्यामुळे उणे ०.३४ येतो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. ‘पेटंट वादात कंपनीला दिलासा नाही’ या मथळ्यात ‘दिलासा’च्या मागे कितीही शोधले तरी नकार सापडणार नाही आणि मथळ्याला चांगला गुण मिळून जाईल. ‘कामगारांचा संप टळला’ यात तर ‘नाही’सुद्धा नाही, उलटवण्याचे काम ‘टळला’ हे क्रियापद करते. ‘तोट्यात घट’ यात दोन वाईट शब्द मिळून एक चांगली बातमी होते, पण बेरीज करणाऱ्याला ती दुप्पट वाईट वाटते. आणि माझ्या मते सर्वांत कठीण जोडी ही: ‘कंपनीचा दावा फेटाळला’ आणि ‘कंपनीवरील दावा फेटाळला’. शब्द तेच आहेत, एका प्रत्ययाने बातमी उलटते, आणि शब्दयादीच्या पद्धतीला हा फरक दिसण्याचा कोणताही मार्ग नाही.

त्याखाली आणखी एक साधी, पण चिवट अडचण आहे. मराठीत शब्द मूळ रूपात क्वचितच येतो. ‘तोटा’ शोधला तर ‘तोट्यात’, ‘तोट्याचा’, ‘तोट्यामुळे’ सुटतात. म्हणून अर्धा शब्द शोधावा म्हटले, तर ‘मंजूर’ हा तुकडा ‘नामंजूर’मध्ये सापडतो आणि अर्ज फेटाळला गेल्याच्या बातमीला कौतुकाचे गुण मिळतात. ‘कर’ शोधला तर तो ‘करार’मध्येही सापडतो आणि ‘करणार’मध्येही. यावर सोपा उपाय असा की शब्दाची सुरुवात जुळली पाहिजे असा नियम ठेवावा, प्रत्येक शब्दाची सामान्यरूपे हाताने लिहून द्यावीत आणि ‘कर’सारखे छोटे शब्द यादीतून काढून टाकावेत.

अक्षरांच्या साठवणीतही एक खोच आहे. ‘कर्मचाऱ्यांचा संप’ यातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. काही ठिकाणी त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही ठिकाणी साधा ‘र’, हलंत आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जुळवणी करणाऱ्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि नेहमीचे युनिकोड प्रमाणीकरण केले तरी हे जोडचिन्ह जात नाही. ते वेगळे बदलावे लागते:

```python
import unicodedata

t = unicodedata.normalize("NFC", t)
t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

एका संकेतस्थळावरचा संप पकडला जात होता आणि दुसऱ्यावरचा निसटत होता, यामागचे कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली होती.

शब्दयादीऐवजी पूर्ण वाक्याचा संदर्भ घेणारी प्रशिक्षित प्रारूपे वापरता येतात. २०१९ सालचे ‘फिनबर्ट’ हे आर्थिक मजकुरासाठीचे असेच एक प्रारूप आहे. ‘तोट्यात घट’च्या धर्तीचे इंग्रजी मथळे अशी प्रारूपे शब्दयादीपेक्षा बरीच चांगली ओळखतात. पण त्याच्या सुराच्या प्रशिक्षणासाठी वापरलेली वाक्ये फिनलंडच्या कंपन्यांविषयीच्या इंग्रजी बातम्यांतली होती, तेव्हा गोव्यातल्या कारखान्याच्या तपासणीबद्दल त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. शिवाय प्रारूपाची आवृत्ती बदलली की जुने-नवे गुण एका पट्टीवर राहत नाहीत, म्हणून प्रत्येक गुणाशेजारी तो कोणत्या आवृत्तीने दिला हे लिहून ठेवावे लागते.

भावाचाच प्रतिध्वनी

इथवरच्या चुका मथळ्याच्या आतल्या होत्या. बाहेरच्या चुकांपैकी सर्वांत फसवी चूक अशी की मथळा आणि भाव या दोन स्वतंत्र साक्षी आहेत असे आपण धरून चालतो. ‘क कंपनीचा समभाग ७ टक्क्यांनी कोसळला’ ही बातमी भाव कोसळला म्हणूनच लिहिली गेलेली असते. तक्त्यात भावाच्या रकान्यात ती घसरण आधीच नोंदलेली आहे. तीच सुराच्या रकान्यात पुन्हा उतरली की दोन रकाने एकमेकांना दुजोरा देत आहेत असे वाटते. खरे तर एकच साक्षीदार दोनदा बोलत असतो.

पॉल टेटलॉक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या बाजारविषयक रोजच्या सदराचा १९८४ ते १९९९ या काळातला सूर मोजला होता. सदरात निराशा अधिक असेल, तर त्यानंतर भावावर खालच्या दिशेने दाब येतो आणि पुढच्या काही दिवसांत तो बराचसा भरून निघतो, हा त्यातला बहुचर्चित भाग. त्याच अभ्यासात उलटी दिशाही दिसते: बाजार आधी घसरला की सदर निराश होते. सूर आणि भाव यांच्यात नाते दिसले म्हणजे सुरामुळे भाव हलला, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

यावर माझा उपाय ओबडधोबड आहे. ज्या मथळ्यात समभाग, निर्देशांक किंवा बाजार या शब्दांसोबत टक्के आणि चढ-उताराचे क्रियापद येते, तो मथळा सुराच्या हिशेबातून बाद होतो. ‘आज चर्चेत असलेले दहा समभाग’ अशा यादीवजा मथळ्यांनाही तोच नियम, कारण त्यातला सूर कोणत्या कंपनीचा हे कोणालाच सांगता येत नाही. हा नियम लावल्यावर उरणारे मथळे बरेच कमी होतात आणि सुराचा रकाना बहुतेक दिवशी काहीच बोलत नाही. सुरुवातीला तो बिघडला आहे असे वाटते, पण बारा कंपन्यांबाबत रोज नवी बातमी नसते हेच खरे आहे.

बातमी कधीची?

८ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या मूळ कंपनीचा समभाग सुमारे बारा डॉलरवरून काही मिनिटांत तीन डॉलरच्या आसपास आला. कारण होते कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केल्याची बातमी. बातमी खरी होती, पण डिसेंबर २००२ची. कंपनी त्या दिवाळखोरीतून २००६ सालीच बाहेर पडलेली होती. फ्लोरिडातल्या एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर तो जुना लेख सर्वाधिक वाचल्या गेलेल्यांच्या यादीत आला, त्यावर तारीख नव्हती, गूगलच्या बातम्या गोळा करणाऱ्या यंत्रणेने त्याला ताजी तारीख दिली आणि पुढे त्याचा सारांश ब्लूमबर्गच्या पडद्यांवर पोहोचला. व्यवहार थांबवले गेले, खुलासा झाला आणि भाव बराचसा सावरला. तरीही दिवसअखेर तो आदल्या बंद भावापेक्षा सुमारे ११ टक्के खालीच राहिला.

या प्रकरणात कोणत्याही सूर मोजणाऱ्या पद्धतीने मथळ्याला अगदी बरोबर गुण दिला असता, कारण दिवाळखोरी वाईटच असते. चूक तारखेत होती, आणि तारीख हा सुराचा भागच नाही. म्हणून प्रत्येक मथळ्यासोबत दोन वेळा साठवाव्यात: प्रकाशकाने दिलेली आणि आपल्याला तो पहिल्यांदा दिसला ती. दोन्हींत एका दिवसापेक्षा जास्त अंतर असेल किंवा प्रकाशकाची वेळच नसेल, तर तो मथळा हिशेबात न घेता बाजूला दाखवावा. भारतातल्या सूचिबद्ध कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: फॉर्म ४८३, इशारापत्र अशा महत्त्वाच्या गोष्टी कंपनीला शेअर बाजाराकडे कळवाव्या लागतात, त्यामुळे खळबळजनक मथळ्यामागे तसे पत्र आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात.

दोन वेळा साठवण्याचा आणखी एक उपयोग मागे वळून तपासताना होतो. संकेतस्थळे मथळे नंतर बदलतात. सकाळचा ‘तपासणी पूर्ण’ हा मथळा दुपारी ‘तपासणीनंतर समभाग गडगडला’ असा होतो, पण वेळ सकाळचीच राहते. अशा जुन्या संग्रहावर आपली पद्धत पडताळली, तर ती आश्चर्यकारकरीत्या हुशार ठरते, कारण तिच्या हाती दुपारचे उत्तर सकाळीच पडलेले असते. आपण स्वतः त्या-त्या क्षणी टिपलेले मथळेच पडताळणीला वापरावेत, मग ते तीन महिन्यांचेच का असेनात.

शून्य आणि रिकामी जागा

एकदा अकरा दिवस माझा तक्ता अतिशय शांत होता. एकाही कंपनीच्या ओळीत सूर शून्यापासून हलला नाही. मी त्याचा अर्थ बातम्यांचा मंद काळ असा लावला. प्रत्यक्षात एका बातमीपुरवठादाराने आपल्या यादीची रचना बदलली होती, मला एकही मथळा मिळत नव्हता, आणि रिकाम्या यादीची सरासरी काढताना चूक येऊ नये म्हणून मीच कधीतरी तिथे शून्य घातला होता. चूक थांबली, पण तिच्यासोबत काहीतरी बिघडल्याची खबरही थांबली. शून्याचे इथे तीन अर्थ होते: मथळे आले आणि त्यांचा सूर सपाट होता, चांगले-वाईट मथळे मिळून एकमेकांना खाऊन गेले, मथळे आलेच नाहीत. आता मथळे नसतील तर त्या जागी `None` जातो, रकान्यात रेघ दिसते आणि शेजारी मथळ्यांची संख्या असते. बाराही कंपन्यांची मिळून संख्या सलग दोन सकाळी शून्य असेल, तर तक्ता उघडण्याऐवजी पुरवठा तुटल्याची सूचना येते.

दुसऱ्या अर्थासाठी सरासरीसोबत सर्वांत वाईट मथळ्याचा गुणही दाखवतो. गुण कुठे ‘वाईट’ धरायचा, हे मात्र तयार मर्यादेवर सोडू नये. व्हेडरमध्ये अधिक-उणे ०.०५ ही प्रचलित सीमा मजकूर चांगला, वाईट की तटस्थ एवढेच ठरवण्यासाठी आहे. तिच्यावर घंटा बांधली तर ती रोज सगळ्यांसाठीच वाजेल. प्रसिद्धी विभाग तत्पर असलेल्या कंपनीचे मथळे एरवीही गोडच असतात, तर न्यायालयीन वादात अडकलेल्या कंपनीचे नेहमीच आंबट. म्हणून प्रत्येक कंपनीचा गुण तिच्याच गेल्या नव्वद दिवसांच्या मध्यकाशी ताडून पाहतो आणि घंटेची मर्यादा अशी ठेवतो की सकाळी सरासरी तीन ओळींपेक्षा जास्त पेटू नयेत, कारण मला तीनच वाचायला वेळ असतो.

हे सगळे चालते की नाही, हे पाहण्याची माझी रीत अशी: दर तिमाहीला दोनशे मथळे काढून दोन माणसांनी एकमेकांना न विचारता आणि यंत्राचा गुण न पाहता त्यांवर चांगला, वाईट किंवा काहीच नाही असे शेरे मारायचे. दोन माणसांचेच जिथे जुळत नाही, तिथे यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर उलट बाजूने जायचे. ज्या दिवशी एखादा समभाग क्षेत्रीय निर्देशांकापेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वेगळा हलला, ते दिवस निवडायचे आणि त्या सकाळी तक्त्यातली ओळ काय म्हणत होती ते पाहायचे. पहिल्या तपासणीत पद्धत सहज उत्तीर्ण होते, कारण बहुतेक मथळे सोपे असतात. दुसऱ्या तपासणीत ती ज्या दिवशी नापास झाली, त्यांतल्या बऱ्याच दिवशी ओळीत शून्य होते आणि मथळा कोरड्या सरकारी भाषेत होता.

त्या सोमवारचे सातही मथळे मी नंतर सुधारलेल्या तक्त्यातून पुन्हा चालवले. ‘क’च्या ओळीत आता पहिल्या रकान्यात ‘फॉर्म ४८३’ असे लिहून येते, मग बातम्यांची संख्या तीन, सर्वांत वाईट गुण ०.००, आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, सरासरी सूर ०.३७.